शब्दचर्चा: ‘पासंग’ हा शब्द व्हीटस्टन ब्रिजला लावता येईल का?

अमळनेरची लॅब
पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी व्हीटस्टन ब्रिजच्या प्रयोगाची पत्रिका मराठीत लिहायला घेतली आहे. रोध, विभवांतर हे शब्द मुलांना दहावीपासून ओळखीचे आहेत, तिथे अडचण नाही. अडलंय दोन ठिकाणी. ब्रिज ‘बॅलन्स’ झाला याला काय म्हणायचं? ‘संतुलित’ लिहिलं की मुलं ते वाचतात आणि विसरतात. दुसरं, ब्रिज किंचित हलला की मधल्या मीटरवर जे इवलंसं विभवांतर दिसतं, त्याला काय म्हणायचं? किराणा दुकानदाराचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हा तर पासंग!” मला शब्द आवडला, पण बरोबर आहे का?

जोडीला एक हिशेबही अडला आहे. जळालेल्या सीलिंग फॅनची एक चांगली राहिलेली गुंडाळी मोजायला घेतली. P = 1000, Q = 100, चौथ्या भुजेत गुंडाळी, म्हणजे S. R ची डायल 1237 वर आली तेव्हा मीटरवर शून्य. P/Q = R/S, म्हणून S = 1237 × 100 / 1000 = 123.7 ओहम. इथवर छान. मग मुद्दाम R सहा ओहमने वाढवून 1243 केला. पुरवठा 2 व्होल्ट. सूत्राने 2.4 मिलिव्होल्ट यायला हवेत, मीटर दाखवतो 0.80. तीन वेळा करून पाहिलं.

चोपड्याचे आबा
आमचं भुसार दुकान होतं, म्हणून पासंगावर बोलायचा हक्क आहे. पासंग म्हणजे रिकाम्या तराजूचं एक पारडं हलकं असेल तर त्याला बांधलेला दगड, लोखंडाचा तुकडा, चिंधीत गुंडाळलेली वाळू. फारसीतून आलाय, ‘संग’ म्हणजे दगड. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे त्यावरूनच. म्हणजे पासंग फरक *घालवतो*. पारडी किती कलली, तो पासंग नव्हे. मुलगा अर्धा बरोबर.

बाई, तुम्ही R फिरवत शून्यावर आणता ना, त्याला आमच्याकडे ‘धडा करणं’ म्हणतात. बरणी एका पारड्यात, दुसऱ्यात खडे टाकत जायचे, दांडी सरळ झाली की बरणीचा धडा झाला.

कापूसकाटा
ताई, ब्रिजचा तोल गेला असेल तर आधी प्लॅटफॉर्मखाली उतरून बघा. आमच्या जिनिंगच्या काट्याखाली पावसाळ्यात गाळ साचतो, दगड अडकतो. गाडी नसताना चाळीस किलो दाखवतो. कोपऱ्याकोपऱ्यावर एकच माणूस उभा करा, चारही ठिकाणी सारखं वजन आलं पाहिजे.

अमळनेरची लॅब
भाऊ, गाडी वजन करायचा ब्रिज नाही हो. चार रोधांची चौकट, दोन टोकांना बॅटरी, उरलेल्या दोन टोकांमध्ये मीटर. तो ‘ब्रिज’.

कापूसकाटा
बरं. पण मग आमच्या लोडसेलमध्येही तेच असतं ना? लाल-काळ्या तारेने 10 व्होल्ट द्यायचे, हिरव्या-पांढऱ्यावर मिलिव्होल्ट मोजायचे. सेलवर 2 mV/V लिहिलेलं असतं, पूर्ण भाराला 20 मिलिव्होल्ट. मेकॅनिक येतो तेव्हा तो आतला ब्रिजच तपासतो.

अमळनेरची लॅब
अरेच्चा, हे खरं. माफ करा भाऊ, तुम्ही तर प्रश्नाच्या मधोमध आहात.

सेकंड इयर, धुळे
मॅम, सूत्र V = E/4 × ΔR/R. 2/4 × 6/1237 = 2.4 मिलिव्होल्ट. तुमचं गणित बरोबरच आहे, मीटर खराब असणार. मल्टिमीटर करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली बसतं, हे आम्हाला शिकवलंय.

भुसावळ, निवृत्त
बाळा, मीटर खाली बसवतो हे खरं, पण किती ते बघ. मीटरच्या टोकांतून ही चौकट सुमारे 204 ओहमची दिसते: P आणि Q समांतर 91, R आणि S समांतर 113. मल्टिमीटरचा रोध मेगओहममध्ये. त्यात काय बसणार?

चूक त्या चारात आहे. E/4 कुठून येतो ते आठव. चौकट म्हणजे एकाच बॅटरीवर बसवलेल्या दोन वाटण्या. एक बाजू P–Q, दुसरी R–S. मीटर त्या दोन वाटण्यांच्या मधल्या बिंदूंमधला फरक वाचतो:

```
V = E × [ Q/(P+Q) − S/(R+S) ]
```

दोन्ही वाटण्या अर्ध्या-अर्ध्या असतील तर एका रोधातला छोटा बदल चौथ्या हिश्श्याने दिसतो. तिथेच E/4. ताईंची वाटणी दहाला एक आहे. वरच्या सूत्रात आकडे घाला: 100/1100 म्हणजे 0.090909, 123.7/1366.7 म्हणजे 0.090510. फरक 0.000399, गुणिले 2 व्होल्ट, 0.80 मिलिव्होल्ट. मीटर निर्दोष आहे.

पाठ ठेवायचं तर असं ठेवा: वाटणीचं प्रमाण r असेल तर चौथ्या हिश्श्याच्या जागी r/(1+r)² घ्या. r = 1 ला 0.25 येतं, r = 10 ला 10/121, म्हणजे 0.083. तिपटीने कमी, तेवढाच तुमचा फरक. पण हे छोट्या बदलापुरतंच. बदल पाच-दहा टक्क्यांवर गेला की पूर्ण सूत्रच लावा.

सेकंड इयर, धुळे
म्हणजे E/4 चूक?

भुसावळ, निवृत्त
चूक नाही. दुसऱ्या चौकटीचं आहे. आता एक करून बघा ताई, बॅटरी आणि मीटर यांच्या जागांची अदलाबदल करा. बाकी काही हलवू नका. R पुन्हा 1237 ला शून्य येईल, कारण P/Q = R/S काय आणि P/R = Q/S काय, गोष्ट एकच. पण वाटण्या आता P–R आणि Q–S अशा पडतील, हजाराला बाराशे. जवळजवळ अर्धी-अर्धी. मग त्याच सहा ओहमला किती येतं ते कळवा.

चोपड्याचे आबा
तोल तोच, पण काटा जास्त हलणार. आमच्या सराफाचा काटा आणि भुसाराचा काटा यांत हाच फरक. रतीभर जास्त टाकलं तर सराफाचा हलतो, भुसाराला त्याची गंधवार्ता नसते. ‘तोल’ आणि ‘काट्याचं हळवेपण’ हे दोन वेगळे गुण आहेत, पत्रिकेत वेगळे शब्द हवेत.

अमळनेरची लॅब
अदलाबदल केली. शून्य 1237 लाच. 1243 ला 2.39 मिलिव्होल्ट! मुलांनी टाळ्या वाजवल्या, E/4 वाला मुलगा सोडून.

पण दुपारी नवीन कटकट. 1237 वर शून्य केलं, जेवून आलो तर आकडा दीड मिलिव्होल्टवर सरकलेला, आणि सरकतोच आहे. आता गुंडाळीतून करंट वाढला, दीड मिलिअँपिअरचा नऊ झाला. ती तापत असेल का?

भुसावळ, निवृत्त
नऊ मिलिअँपिअर, 124 ओहम: दहा मिलिवॅट. बारीक तारेचं वेटोळं असतं तर मी घाबरलो असतो, पण पंख्याच्या गुंडाळीतल्या तांब्याला त्याने काय होणार? खोलीत काय बदललं ते सांगा.

अमळनेरची लॅब
शिपाईदादांनी कूलर बंद केला. पाणी संपलं होतं.

भुसावळ, निवृत्त
मग सापडलं. तांब्याचा रोध आपल्याकडच्या तापमानाला दर अंशाला सुमारे 0.37 टक्के वाढतो. तुमच्या नव्या मांडणीत अर्ध्या टक्क्याला अडीच मिलिव्होल्ट, म्हणजे दीडला 0.3 टक्के. एका अंशाहूनही कमी. अमळनेरात मे महिन्यात कूलर बंद झाल्यावर एक अंश म्हणजे काहीच नाही. खात्री करायची तर बॅटरी काढून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी क्षणभर जोडून वाचा. तरी सरकत राहिला तर दोष हवेचा. बॅटरी काढल्यावर थांबला तर करंटचा. आणि पत्रिकेत ‘123.7 ओहम’ असं नुसतं छापू नका, तापमान लिहा.

गुंडाळी आहे म्हणून आणखी एक: बॅटरीची कळ आधी दाबायची, मग मीटरची. सोडताना उलट. नाहीतर गुंडाळीच्या झटक्याने काटा आपटतो आणि मुलांना वाटतं ब्रिज बिघडला.

अमळनेरची लॅब
काट्यावरून आठवलं. डिजिटल एकच आहे. बाकीच्या टेबलांवर काट्याचे गॅल्व्हानोमीटर, रोध 100 ओहम, एक घर सरकायला वीस मायक्रोअँपिअर. त्यांचं उत्तर दर वेळी वेगळं येतं.

भुसावळ, निवृत्त
येणारच. जुन्या मांडणीत सहा ओहमला 0.80 मिलिव्होल्ट, वाटेत 204 अधिक 100 ओहम. करंट 2.6 मायक्रोअँपिअर. घराचा आठवा भाग. डोळ्याला तो शून्यच. म्हणजे मुलगा 1231 ला थांबला काय आणि 1243 ला थांबला काय, दोघंही शपथेवर सांगतील की ब्रिज बॅलन्स झाला.

म्हणून माझा आग्रह, बॅलन्सला ‘शून्यस्थिती’ म्हणू नका. शून्य मीटरचं असतं, तोल चौकटीचा असतो. काटा आंधळा असेल तर शून्य दिसतं, तोल नसतो.

सेकंड इयर, धुळे
मग मुलांनी करायचं काय? काटा बदलता येत नसेल तर?

भुसावळ, निवृत्त
R वाढवत न्या, काटा उजवीकडे जेमतेम हलेल तो आकडा लिहा. मग कमी करत न्या, डावीकडे तेवढाच हलेल तो लिहा. दोन्हींचा मध्य घ्या. आणि अंतर किती पडलं तेही लिहा, तेवढं तुमचं अज्ञान.

चोपड्याचे आबा
दांडी सरळ आहे की नाही हे असंच बघायचो. बोटाने इकडून टेकवायचं, तिकडून टेकवायचं. आईकडे म्हणायचे, ‘काटा सरळ शे’, पण बोट लावल्याशिवाय नाही.

तर माझ्या मते: ‘तोल’ घ्या, ‘तोलात आला’ म्हणा. R ला ‘धडा’. आणि त्या इवल्या विभवांतराला ‘कल’. पारडं कलतं तो कल.

अमळनेरची लॅब
‘तोल’ नक्की. ‘धडा’ला मुलं हसतील, त्यांना पुस्तकातला धडा आठवेल. ‘कल’ चांगला आहे, पण ‘कल-विभवांतर’ असा जोड केला की पुन्हा परिभाषा समितीत गेल्यासारखं वाटतं.

यावल, इतिहासवाला
उगीच मध्ये तोंड घालतो. हा ब्रिज व्हीटस्टनने शोधलेलाही नाही. सॅम्युअल हंटर क्रिस्टीने 1833 मध्ये मांडला, व्हीटस्टनने 1843 मध्ये प्रसिद्धीला आणला आणि श्रेय क्रिस्टीला दिलंही. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा शब्दाच्या न्यायाची फार काळजी करू नका.

कापूसकाटा
एक विचारू आबा? आमच्या लोडसेलचा ब्रिज गाडी चढली की कधीच तोलात नसतो, आम्ही तर कलच वाचतो आणि तोच विकतो. पण सकाळी रिकाम्या काट्यावर झिरोचं बटण दाबतो. तो पासंगच झाला ना?

चोपड्याचे आबा
तो पासंग. आणि गाडीचं वजन वजा करायचं टेअरचं बटण, तो धडा.

भुसावळ, निवृत्त
आबा, बटण दाबून ब्रिज तोलात येत नाही. आतला कल तसाच राहतो, फक्त आकड्यातून वजा होतो. पासंग पारड्याला बांधायचा असतो, वहीत लिहायचा नसतो.

चोपड्याचे आबा
अहो, आमच्या काकांनी आयुष्यभर तो वहीतच लिहिला.