गटाच्या सादरीकरणाला मुलांनीच गुण द्यायचे?

खडूफळा
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात यंदा अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पाच्या सादरीकरणाला गटांनी एकमेकांना गुण दिले. निकाल काय? दोस्ती तिथे वीसपैकी वीस, भांडण तिथे सहा. मुलांच्या हातात गुण देणं हा शिक्षकाचा कामचुकारपणा आहे. हे खूळ बंद करा. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तक्त्यासकट सांगा, प्रवचन नको.

फुटपट्टी
कामचुकारपणा हा शब्द झोंबला म्हणून लांब लिहितोय, वाचा.

तुमच्या कागदावर निकष काय होते ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज: विषयज्ञान, आत्मविश्वास, एकूण प्रभाव. 'एकूण प्रभाव' असं छापून दिल्यावर पोरं दोस्तीलाच गुण देणार, त्यांचा काय दोष? आमच्या कागदावर चार प्रश्न असतात. मुख्य मुद्दा मला आता माझ्या शब्दांत सांगता येईल का? दाव्याला आधार दिला का, आणि तो कुठून आणला ते कळलं का? मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं का, की पडद्यावरचं नुसतं वाचून दाखवलं? प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं का? प्रत्येकी पाच गुण, आणि पाच कधी, तीन कधी, एक कधी तेही तिथेच लिहिलेलं. आधाराचंच बघा: आकडा किंवा उदाहरण दिलं आणि ते कुठलं तेही सांगितलं तर पाच, दिलं पण कुठलं ते सांगितलं नाही तर तीन, नुसतंच 'प्रदूषण वाढलंय' म्हटलं तर एक. दोन आणि चार मधल्या परिस्थितीसाठी.

गुणांच्या चौकटी कागदाच्या तळाला असतात. वर अर्धवट वाक्यं, ती आधी पुरी करायची. 'आम्हाला सगळ्यात नीट कळलं ते …, कारण …'. 'तुम्ही … असं म्हणालात, त्याला आधार म्हणून … दिलंत.' '… इथे आम्ही अडकलो, कारण …'. 'पुढच्या वेळी … दाखवलंत तर …'. वाक्य आधी आणि आकडा नंतर, हा क्रम उलटला की मुलं आकडा टाकून मग त्याला शोभेल असं वाक्य जुळवतात. कागद गटाचा मिळून एकच, तीन मिनिटांत भरून लगेच गोळा. तासाच्या शेवटी गोळा केले तर सगळे एकमेकांचे बघून आकडे बदलतात.

आता तुमचा सहा. चाळीस मुलं, पाचांचे आठ गट, म्हणजे प्रत्येक गटाला सात कागद. मी फळ्यापेक्षा मोठ्या नसलेल्या एका तक्त्यात मांडतो: आडव्या ओळीत कुणी दिले, उभ्या रकान्यात कुणाला मिळाले. आधी ओळी वाचायच्या. एका गटाने सगळ्यांना 10, 12, 11, 13, 9, 12, 10 दिले. सरासरी 11, वर्गाची 15. हा गट खडूस आहे, पक्षपाती नाही, कारण कोण पुढे कोण मागे हा क्रम इतरांसारखाच आहे. त्याच्या प्रत्येक आकड्यात 4 मिळवायचे, विषय संपला. मग रकाने. विहिरींची पाणीपातळी मोजलेल्या गटाला मिळाले 16, 15, 17, 16, 6, 15, 16. सरासरी 14.4 येते, मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, तो 16. मी मध्यक घेतो. आणि ज्या गटाने 6 दिले त्याची ओळ बघतो: बाकी सगळ्यांना 14 ते 17, फक्त इथेच 6. त्यांना बोलावून वाक्यं वाचायला लावली. 'अडकलो, कारण' पुढे कोरं. कोरा कागद बाद. उलट तिथे ठोस काही लिहिलेलं असेल तर मला माझा कागद पुन्हा बघावा लागतो. मीही एक भरतोच, आणि अंतिम गुणांत माझे दोन हिस्से, मुलांचा एक.

निवांत_किनारा
सगळं ठीक, पण खरा अन्याय कुणी बोलतच नाही. अभियांत्रिकीला आमच्या गटात चौघे होतो. रात्र रात्र जागून मी एकटीने सगळं केलं, एक जण सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि प्रश्नोत्तरांत छान बोलला. गुण चौघांना सारखे. त्याचं काय?

फुटपट्टी
तो प्रश्न वेगळा आहे. इथे एक गट दुसऱ्या गटाला तपासतोय, तुम्ही गटाच्या आतलं म्हणताय. त्यासाठी वेगळी चिठ्ठी लागते: चौघांपैकी प्रत्येकाने बाकी तिघांत 30 गुण वाटायचे, सारखं काम असेल तर प्रत्येकाला एकूण 30 च मिळतात. कुणाला 18 मिळाले तर त्याचा गुणक 0.6. पण तिघांनी मिळून चौथ्याला वाळीत टाकलं असेल तरी आकडा तोच येतो, म्हणून मी तो आकडा प्रकल्पाची वही बघितल्याशिवाय लावत नाही.

निवांत_किनारा
आमच्या वेळी वहीपण मीच लिहिली होती.

आकडेमोड
ओळीची सरासरी सरसकट दुरुस्त करू नका. गट स्वतःला गुण देत नाही, म्हणून सगळ्यात चांगल्या गटाच्या ओळीची सरासरी आपोआपच जरा कमी येते, त्याच्या वाट्याला स्वतःपेक्षा कमी दर्जाचेच गट येतात ना. तो खडूस नसून बिचारा ठरतो.

फुटपट्टी
बरोबर. पण आठ गटांत हा फरक फार तर एखाद्या गुणाचा. मी दोनपेक्षा जास्त अंतर असेल तरच हात लावतो. 11 आणि 15 मधला चारचा फरक नुसत्या या कारणाने येत नाही.

सातपुडा
'मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं का' हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी निकष होता 'भाषाशुद्धी व उच्चार'. मी विहिरींवरच बोलत होतो. 'पानी' म्हणालो आणि शहरातून आलेले सहा जण हसले. कागदावर 20 पैकी 8. आकडे माझे, मोजणी माझी, दोरी घेऊन विहिरीत मी वाकलो, आणि गुण कापले ते 'ण' चे.

ठसका
हसणं वाईटच. पण सादरीकरण हे बोलण्याचं काम आहे. शुद्ध बोलायला शिकवायचं नाही का मग? उद्या मुलाखतीत काय करणार?

सातपुडा
मुलाखतीत निवड झाली, तिथेच नोकरी करतोय, 'पानी' म्हणतच. तुमची शुद्ध म्हणजे नेमकी कुठली? दोन पेठांमधली?

ठसका
पेठा काढायची गरज नव्हती. मी सोलापूरची आहे. माझ्यावरही हसलेत लोक. म्हणून मी शिकले. सगळ्यांनी शिकावं एवढंच म्हणतेय.

सातपुडा
म्हणजे तुम्ही हसणाऱ्यांच्या बाजूला गेलात. अभिनंदन.

ठसका
हे अती होतंय. मला कोणी न्याय शिकवायची गरज नाही.

निवांत_किनारा
उच्चारावरून आठवलं, माझी मुलगी सेमी इंग्रजीत आहे. तिच्या वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा 'ॲक्च्युअली' म्हणत बोलला की सगळे गट त्याला चार-पाच देतात. मुद्दा कुणालाच कळलेला नसतो. मी विचारलं तर म्हणे, "आई, तो भारी बोलतो."

फुटपट्टी
तुम्ही तिघंही एकाच आजाराबद्दल बोलताय, आणि तो माझ्या तक्त्याने पकडला जात नाही हे आधीच सांगून टाकतो. 'पानी' म्हटल्यावर सातपैकी पाच गटांनी गुण कापले तर मध्यकसुद्धा पडणार. मध्यक एकट्यादुकट्याचा राग झटकून टाकतो, सगळ्या वर्गाचा समज नाही.

आम्ही दोन गोष्टी करतो. 'मागच्या बाकापर्यंत' याखाली एक ओळ: उच्चार, बोलीचा हेल आणि इंग्रजी शब्दांना गुण नाहीत. आणि पहिल्या गटाआधी मी स्वतः चार मिनिटांचं मुद्दाम मध्यम सादरीकरण करतो, आमच्याकडच्या बोलीत. मुद्दा स्पष्ट, आधार अर्धवट, एक प्रश्न टाळलेला. सगळे गट गुण देतात, मग मी माझे सांगतो: 5, 3, 4, 1. ज्यांनी मला 'ऐकू आलं का' ला 2 दिले त्यांना विचारतो की मागच्या बाकावर कुणाला ऐकू आलं नाही. उत्तर येत नाही. पहिल्या वर्षी हे नव्हतं, तेव्हा पहिल्या गटाचे गुण नेहमी विचित्र यायचे, कारण कुणाकडे मोजायला मापच नसायचं.

ठसका
बोलीत शिक्षक बोलले तर मुलं तेच उचलतील. पण मुद्दा आणि उच्चार वेगळे मोजावेत, एवढं मान्य. उच्चाराचे गुण मराठीच्या तासाला द्या, पर्यावरणाच्या नको.

सातपुडा
मराठीच्या तासालाही नको. पण चला, एक पाऊल तरी.

धोरणधारक
वाद कशाला? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहाध्यायी मूल्यमापन आहेच. आता गुण द्यावेच लागणार, हौस असो वा नसो.

आकडेमोड
अर्धं वाचलंत. प्रगतिपत्रकात स्वतःचं, सहाध्यायांचं आणि शिक्षकांचं मूल्यमापन असेल असं म्हटलंय. ते निकालाच्या बेरजेत धराच, असं कुठे म्हटलंय? नुसती वाक्यं नोंदवली तरी चालेल.

खडूफळा
मी जो प्रश्न विचारला त्याचं काय झालं? उच्चारावर दहा प्रतिसाद, माझ्या विसावर एकही नाही. सहा दिलेला गट सापडतो, मान्य. सगळ्यांनी आधीच ठरवून सगळ्यांना 18 दिले तर? आमच्याकडे वीसच्या आकड्याने तेच झालं होतं, फक्त दोन भांडखोर गट सोडून. तुमचा मध्यक मग 18 च दाखवणार, आणि विहिरीवाल्यांना आणि प्लास्टिकवर तीन पाट्या दाखवणाऱ्यांना सारखेच.

फुटपट्टी
खरं आहे. सगळेच एकमेकांना मिळालेले असतील तर कुठलंही गणित कामाचं नाही. तिथे फक्त माझा कागद उरतो. म्हणून मी त्या वेळी मुलांचा हिस्सा गुणांत धरत नाही, आणि त्यांच्या भरलेल्या वाक्यांना वेगळे पाच गुण देतो. '18, छान होतं' लिहिणाऱ्या गटाला एक. 'तीन पाट्यांवर एकही आकडा नव्हता' लिहिणाऱ्याला पाच. पुढच्या फेरीला 18 ची साथ बरीच ओसरते. पूर्ण जात नाही.

खडूफळा
म्हणजे मुलांचे सगळे कागद तुम्हीच वाचता. कामचुकारपणा हा शब्द मागे घेतो, जास्तीचं काम अंगावर ओढवून घेता असं म्हणतो. पण माझ्या वर्गात 68 मुलं आहेत. अकरा-बारा गट, प्रत्येकाला दहा-अकरा कागद. हे वाचायचं कधी, झोपेत?

फुटपट्टी
सगळ्यांनी सगळ्यांना तपासायची गरज नाही. एका सादरीकरणाला पाच गट पुरतात, मध्यकही नीट निघतो. कोणते पाच ते सादरीकरण संपल्यावर चिठ्ठ्या उचलून ठरवा. आधी सांगितलंत तर बाकीचे ऐकणार नाहीत, आणि मधल्या सुट्टीत सौदेही होतील.

खडूफळा
चिठ्ठ्यांचा डबा आहे आमच्याकडे, हजेरीच्या वादात घेतला होता. दुसऱ्या सत्रात एका तुकडीवर करून बघतो. जमलं नाही तर इथेच येऊन शिव्या घालेन.