गॅस सुटेपर्यंत उपाशी ठेवणे: सुरक्षितता की सवय?

धागाकर्ता (रुग्णाचा मुलगा): वडिलांच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग कर्करोगामुळे दुर्बिणीतून काढला. दुसऱ्याच दिवशी त्यांना पेज आणि दही दिले. तिसऱ्या दिवशी पोट फुगले आणि दोनदा उलटी झाली. गॅस सुटण्याआधी खायला दिल्यानेच हे झाले, असे नातेवाईक म्हणतात. लवकर खायला देणे चुकीचे होते का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: माझ्या मते घाई झाली. आतड्याचा जोड कच्चा असताना त्यावरून अन्न जाऊ देणे मला पटत नाही. स्टेथोस्कोपने आतड्याचे आवाज ऐकू यावेत, गॅस सुटावा आणि मगच पाणी सुरू करावे, हा क्रम आम्ही आयुष्यभर पाळला. आतडे फुटून पोटात पू झालेल्या रुग्णांना आठवडाभर पोट फुगून तळमळताना मी पाहिले आहे.

शल्यचिकित्सक: पोटात पू झालेल्या रुग्णाचे आतडे सुजेने बंद पडलेले असते, तिथे आपली सावधगिरी योग्यच आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र तो नियम लावता येत नाही. रुग्ण उपाशी असला, तरी लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यातले स्राव मिळून रोज काही लिटर द्रव आतड्यात उतरतच असतो, त्यामुळे उपाशी ठेवून जोड कोरडा राहत नाही. शिवाय लहान आतडे काही तासांत चालू लागते, जठराला साधारण एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी जागे होते. गॅस सुटणे ही या शेवटच्या भागाची खूण आहे. तिची वाट पाहताना आधीच चालू झालेले लहान आतडे आपण उगाच रिकामे ठेवतो.

आतडे मंदावण्याची मोठी कारणे वेगळी आहेत: शस्त्रक्रियेत आतडे हाताळल्याने येणारी सूज, मॉर्फिनसारखी वेदनाशामके आणि गरजेपेक्षा जास्त सलाईन. 2002 मध्ये नॉटिंगहॅमच्या एका छोट्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना रोज किमान तीन लिटर द्रव दिले आणि काहींना दोन लिटरपेक्षा जास्त दिले नाही. जास्त द्रव मिळालेल्यांचे जठर उशिरा रिकामे होऊ लागले, गॅस एक दिवस उशिरा सुटला आणि रुग्णालयातला मुक्काम तीन दिवसांनी वाढला. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठीचा कार्यक्रम मांडला, तेव्हा त्यात लवकर आहाराबरोबर मॉर्फिन टाळणारी वेदनाशमनाची पद्धत आणि रुग्णाला लवकर चालते करणे हेही होते. बाकीचे सोडून केवळ पेज लवकर दिली, तर तो कार्यक्रम राबवला असे म्हणता येत नाही.

एक वाचक: माझ्या सिझेरियननंतर काही तासांतच मला चहा-बिस्किटे दिली होती आणि काहीही झाले नाही. मग इथे एवढी भीती कशाची?

परिचारिका: ताई, सिझेरियनमध्ये आतडे कापून जोडत नाहीत आणि ते फारसे हाताळलेही जात नाही, म्हणून ती तुलना इथे लागू होत नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: जोडाबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. पण उलटीचे काय? वयस्कर रुग्णाची उलटी श्वासनलिकेत गेली, तर न्यूमोनिया होतो. रात्री एकाच परिचारिकेकडे पूर्ण वॉर्ड असतो, तिथे हा धोका कोणी घ्यायचा?

शल्यचिकित्सक: ही काळजी खरी आहे. 2001 च्या एका एकत्रित विश्लेषणात लवकर आहार घेणाऱ्यांना उलट्या थोड्या जास्त झाल्या, मात्र जंतुसंसर्ग कमी झाला आणि मुक्कामही कमी झाला. म्हणून आम्ही जबरदस्तीने भरवत नाही: संध्याकाळी घोट-घोट पाणी, दुसऱ्या दिवशी रुग्णाला झेपेल तेवढा मऊ आहार आणि मळमळ सुरू होताच थांबायचे. मनुष्यबळ नसेल, तर वेग कमी करावा, हे मला मान्य आहे.

धागाकर्त्याला सांगतो, तिसऱ्या दिवशीची उलटी पेजेच्या माथी मारून मोकळे होणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण जोड गळू लागला तरी सुरुवात अशीच दिसू शकते. आता तोंडाने देणे थांबवावे, उलट्या होतच राहिल्या तर नाकातून नळी घालून जठर रिकामे करावे आणि रक्तातले पोटॅशियम पाहावे, कारण ते कमी असले तरी आतडे मंदावते. नाडी 100 च्या पुढे जात असेल, ताप असेल, पोटदुखी वाढत असेल किंवा शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी 150 च्या वर असेल, तर गॅसची वाट न पाहता सीटी स्कॅनचा विचार व्हायला हवा. त्यांची नाडी किती आहे?

धागाकर्ता: नाडी 92 आहे, ताप नाही. सीआरपी केलेली नाही. ट्रामाडॉलची इंजेक्शने मात्र दिवसातून तीनदा चालू आहेत.

शल्यचिकित्सक: नाडी आणि ताप तूर्त दिलासा देणारे आहेत, पण तेवढ्यावरून गळती नाही असे ठरवता येत नाही. सीआरपी आजच करून घ्या. ट्रामाडॉलही आतडे मंदावते. पॅरासिटामॉलवर भागते का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ट्रामाडॉल स्वतःहून बंद करू नका.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी: तपासणीचा सल्ला योग्य आहे. तरीही तालुक्याच्या रुग्णालयात, रात्री सीटी स्कॅन मिळत नसताना, मी पहिला दिवस पाण्यावरच काढीन.