मदत हवी आहे: एकाच मोबाईलचे ११ व्हिडिओ जोडायचेत, क्वालिटी अजिबात कमी व्हायला नको

बोरीकाठ (अमळनेर)
२० ऑगस्ट, रात्री ९.४०

आमच्याकडे यंदा कानबाई बसली होती. रविवारची स्थापना, रात्रीचं जागरण आणि सोमवारी बोरीवरचं विसर्जन, सगळं मी माझ्या मोबाईलवर घेतलं. ११ तुकडे आहेत, मिळून ५.८ जीबी. मामा सुरतला असतात, त्यांना या वर्षी येता आलं नाही. त्यांना पेनड्राइव्हवर सलग व्हिडिओ द्यायचा आहे, टीव्हीवर बघतील.

मोबाईलमधल्या एका ॲपने जोडला तर ९०० एमबीची फाइल झाली. दिव्यांच्या उजेडातले चेहरे पार पुसले गेले. मग भाच्याने लॅपटॉपवर ffmpeg टाकून दिलं, त्याने जोडला. साइज बरोबर आली, पण टीव्हीवर दोन मिनिटं नीट चालतो आणि मग चित्र फुटतं. आवाज चालू राहतो. सगळे तुकडे एकाच मोबाईलचे आहेत, मग असं का होतं? शनिवारी आतेभाऊ सुरतला निघतोय, त्याच्याजवळ द्यायचं आहे. लवकर सांगा.

---

धुळेकर_स्टुडिओ
२० ऑगस्ट, रात्री १०.०५

एवढा खटाटोप कशाला? विंडोजमध्येच जोडता येतं. काळ्या खिडकीत `copy /b` लिहायचं, फाइलींची नावं अधिकच्या चिन्हाने जोडायची, झालं. लग्नाच्या डीव्हीडीचे तुकडे मी पंधरा वर्षं असेच जोडत आलोय. एक टिकलीही इकडची तिकडे होत नाही.

---

तापीतीर
२० ऑगस्ट, रात्री १०.२२

स्टुडिओभाऊ, डीव्हीडीच्या व्हीओबी फाइलींना ते चालतं, कारण त्या सलग प्रवाहासारख्या असतात, एकीच्या मागे दुसरी चिकटवली तरी प्लेअर वाचत जातो. मोबाईलच्या एमपी४चं तसं नाही. प्रत्येक एमपी४मध्ये स्वतःची अनुक्रमणिका असते, कोणतं चित्र फाइलीत कुठे पडलंय याची. अकरा फाइली नुसत्या चिकटवल्या तर अकरा अनुक्रमणिका होतात आणि प्लेअर पहिलीच वाचून थांबतो. फाइल ५.८ जीबीची दिसेल, पण लांबी फक्त पहिल्या तुकड्याएवढी.

बोरीकाठ, तुमची साइज बरोबर आली म्हणजे ffmpeg ने नव्याने एन्कोड केलेलं नाही, तेवढा भाग ठीक आहे. पण नेमकी कोणती कमांड दिली आणि यादीच्या फाइलीत काय आहे, ते इथे चिकटवा. त्याशिवाय सांगता येणार नाही.

---

मालतीताई_जळगाव
२० ऑगस्ट, रात्री १०.३०

कानबाईचा व्हिडिओ म्हटल्यावर धागा उघडला. आमच्याकडेही जागरणाची गाणी रेकॉर्ड केली, पण बाहेरच्या डीजेमुळे बायकांचा आवाज ऐकूच येत नाही. तो आवाज कमी करता येतो का? सासूबाईंची गाणी आहेत, पुढच्या वर्षी त्यांना जमेल की नाही माहीत नाही.

---

बोरीकाठ
२० ऑगस्ट, रात्री १०.५१

कमांड भाच्याने दिली ती अशी:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy kanbai.mp4
```

आणि यादी:

```
file 'VID-20250803-WA0014.mp4'
file 'VID_20250803_184210.mp4'
file 'VID_20250803_185533.mp4'
...
file 'VID_20250804_173105.mp4'
```

मध्ये बाकीचे सात आहेत. आधी यादीवर `unknown keyword` अशी चूक येत होती, ती भाच्यानेच सोडवली.

---

एरंडोलचा_सागर
२० ऑगस्ट, रात्री ११.०२

ती चूक मलाही आली होती. पॉवरशेलमध्ये यादी बनवली की ती वेगळ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह होते आणि ffmpeg ला पहिलाच शब्द कळत नाही. नोटपॅडमधून यूटीएफ-८ निवडून सेव्ह करायची, बीओएम नसलेलं.

चित्र फुटण्यावर माझं मत असं की पेनड्राइव्ह स्लो असेल. दुसरा वापरून बघा.

---

तापीतीर
२० ऑगस्ट, रात्री ११.१५

पेनड्राइव्हचा प्रश्न नाही. भाऊ, यादीची पहिली ओळ बघा. नावात `WA` आहे. तो तुकडा व्हॉट्सॅपवरून परत आलेला आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याची नावं `VID_` अशी आहेत आणि ही `VID-` अशी. आडवी रेघ क्रमात खालच्या रेघेच्या आधी येते, म्हणून हा तुकडा यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसला. तो तुकडा व्हिडिओच्या सुरुवातीलाच येतो का?

---

बोरीकाठ
२० ऑगस्ट, रात्री ११.२१

हो, तो आरतीचा तुकडा आहे, आरती आधीच येते. ती खरं तर तिसरी यायला हवी. खटकलं होतं, पण चित्र नीट झालं की क्रम बदलू असं ठरवलं होतं. तो तुकडा माझ्याच मोबाईलवर घेतलेला आहे. घरच्या ग्रुपवर टाकला आणि जागा नव्हती म्हणून मोबाईलमधून काढून टाकला. नंतर ग्रुपवरून परत घेतला. मोबाईल तोच ना मग?

---

तापीतीर
२० ऑगस्ट, रात्री ११.४८

मोबाईल तोच, पण फाइल ती राहिली नाही. व्हॉट्सॅप व्हिडिओ पाठवताना तो लहान करून नव्याने एन्कोड करतं. या दोन ओळींनी स्वतः तपासा. साध्या सीएमडीत चालवा, पॉवरशेलमध्ये नाही:

```
cd /d D:\clips
for %i in (*.mp4) do @(echo %i & ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height:stream_side_data=rotation -of default=nw=1 "%i")
```

`D:\clips` च्या जागी तुमचा फोल्डर. kanbai.mp4 त्यात असेल तर आधी बाहेर हलवा, नाहीतर तीही मोजली जाईल.

`-c copy` म्हणजे चित्राला हातही न लावता उचलून ठेवणं. ते उलगडायचं कसं, आकार किती, ही माहिती फाइलीच्या डोक्यात एकदाच लिहिली जाते आणि ती पहिल्या तुकड्यावरून घेतली जाते. तुमचा पहिला तुकडा व्हॉट्सॅपचा आहे. म्हणून टीव्हीने त्याच्या मापाने सुरुवात केली, दोन मिनिटं सगळं बरं दिसलं, आणि तुमचे मूळ तुकडे सुरू झाल्यावर माप जुळेना. लॅपटॉपवर व्हीएलसीत कदाचित फक्त आकार बदलल्यासारखा दिसेल, तो बराच सांभाळून घेतो. टीव्ही घेत नाही. त्यामुळे अशी फाइल लॅपटॉपवर चालली म्हणून ठीक आहे असं धरू नका.

---

बोरीकाठ
२१ ऑगस्ट, सकाळी ७.१०

तपासलं. `WA` वाला 848 आणि 480 दाखवतो, बाकीचे दहाही 1920 आणि 1080. सगळे h264. एका सोमवारच्या तुकड्यात शेवटी `rotation=-90` अशी जास्तीची ओळ आहे, ती काय?

व्हीएलसीत खरंच आकार बदलतो, फुटत नाही. आता आरतीचं काय करू? ती काढून टाकणं शक्य नाही, घरातले सगळे तिच्यातच आहेत.

---

नंदुरबारी_विनू
२१ ऑगस्ट, सकाळी ८.०३

आरतीचा मूळ तुकडा गॅलरीच्या किंवा गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर काढल्यापासून ६० दिवस तिथे राहतो. तुमचे अजून तीन आठवडेही झाले नाहीत. मला एकदा मुलीच्या शाळेचा व्हिडिओ असाच मिळाला होता.

---

धुळेकर_स्टुडिओ
२१ ऑगस्ट, सकाळी ९.३०

तो मिळाला नाही तर सगळं एडिटरमध्ये टाका आणि जास्त बिटरेटवर एक्स्पोर्ट करा. टीव्हीवर कुणाला फरक कळत नाही. आणि त्या उभ्या तुकड्याला कमांडमध्ये रोटेशन लिहिलं की झालं.

---

तापीतीर
२१ ऑगस्ट, सकाळी १०.१२

जास्त बिटरेटवर फरक कमी दिसतो हे खरं आहे, पण त्यांनी विचारलंय ते हात न लावता जोडायचं. दिव्यांच्या उजेडातले, अंधारे तुकडे पुन्हा एन्कोड केले की खराबी सगळ्यात आधी त्यांच्यातच दिसते.

रोटेशनचं तुम्ही सांगता तसं नाही. मोबाईल उभा धरला तरी कॅमेरा चित्र आडवंच साठवतो आणि फाइलीत नोंद करतो की दाखवताना फिरवा. म्हणून तिथेही 1920 आणि 1080 च दिसतं, फक्त रोटेशनची ओळ जास्तीची येते. जोडलेल्या फाइलीत ही नोंद एकच राहते आणि तीही पहिल्या तुकड्याची. त्यामुळे तो उभा तुकडा मध्ये आडवा पडलेला दिसेल. कमांडमध्ये रोटेशन लिहिलंत तर तो उभा होईल आणि बाकीचे सगळे आडवे पडतील. न एन्कोड करता एकाच तुकड्याचं चित्र फिरवता येत नाही.

---

बोरीकाठ
२१ ऑगस्ट, दुपारी १.४०

आरतीचा मूळ तुकडा ट्रॅशमध्ये सापडला! विनूभाऊ, फार मोठं काम झालं. त्याचं नाव `VID_20250803_190120.mp4`, आपोआप तिसऱ्या जागी बसला. रविवारचे सात तुकडे जोडले, अर्ध्या मिनिटात झालं. घरच्या टीव्हीवर शेवटपर्यंत बघितलं, चित्र कुठेच फुटत नाही. प्रत्येक जोडावर थांबून बघितलं.

मूळ आरती मोठी असल्याने आता सगळं मिळून ६ जीबी होतंय. अकराही एकत्र करू पाहिले तर फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, फाइल फार मोठी आहे म्हणतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे, जागा भरपूर आहे.

---

एरंडोलचा_सागर
२१ ऑगस्ट, दुपारी २.१५

पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं दुसरीकडे काढून ठेवा.

---

तापीतीर
२१ ऑगस्ट, दुपारी २.४०

सागरचं निदान बरोबर आहे, पण मामांचा टीव्ही जुना असेल तर एक्सफॅट ओळखेल याची खात्री नाही. तुमच्याकडे दोन दिवस तसेही वेगळे आहेत. रविवारची एक फाइल, सोमवारची दुसरी. दोन्ही ४ जीबीच्या आत बसतील आणि पेनड्राइव्हला हात लावायला नको. टीव्ही नावाच्या क्रमाने वाजवतो, म्हणून नावं अशी द्या:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i somvar.txt -c copy D:\dyayche\2_visarjan.mp4
```

बाहेरची फाइल तुकड्यांच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. पुढच्या वेळी यादी बनवताना तीही यादीत येते.

---

बोरीकाठ
२१ ऑगस्ट, रात्री ९.०५

रविवारची फाइल पेनड्राइव्हवर गेली. सोमवार अडलाय तो त्या उभ्या तुकड्यावर. चारातला तिसरा, भाच्याने घेतलेला. कानबाईला नदीत नेतानाचा क्षण त्यातच आहे. वेगळी फाइल केली तर नेमका तिथेच खंड पडतो.

---

तापीतीर
२१ ऑगस्ट, रात्री ९.३०

माझं मत वेगळी ठेवण्याचं. पहिले दोन तुकडे जोडून एक फाइल, मग भाच्याचा तुकडा जसाच्या तसा, मग चौथा. क्षणभर पडदा काळा होईल, पण तिन्हींचं चित्र मूळचं राहील. फक्त तो एकच फिरवून, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या देऊन एन्कोड करून मध्ये बसवणंही जमतं. पण तो मोबाईलच्या एन्कोडरचा राहत नाही आणि आरतीला झालं तेच टीव्हीवर पुन्हा होऊ शकतं. मी दोनदा करून बघितलं. एका टीव्हीवर चाललं, एकावर अडकलं.

---

धुळेकर_स्टुडिओ
२१ ऑगस्ट, रात्री ९.५२

मग सोमवारचे चारही एन्कोड करा. सलग दिसणं महत्त्वाचं. विसर्जन संध्याकाळच्या उजेडातलं आहे, रात्रीच्या जागरणासारखं ते खराब होणार नाही.

---

बोरीकाठ
२१ ऑगस्ट, रात्री १०.२०

उद्या दोन्ही प्रकार करून आईला दाखवतो, ती म्हणेल ते पाठवतो. मूळ अकराही तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर टाकतोय, या वेळी मोबाईलमधून काहीच काढणार नाही. मालतीताई, तुमच्या आवाजाच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, त्यासाठी वेगळा धागा काढा. मलाही ते हवं आहे, आमच्या जागरणातही तोच डीजे आहे.