शब्दचर्चा: कॉइलच्या 'डॉट'ला 'धन टोक' म्हणावं का?

विद्यार्थिनी, जुळे सोलापूर: नोट्स मराठीत काढतेय. कपल्ड कॉइलच्या डॉटसाठी 'धन टोक' लिहिलं तर चालेल का? आणि लूपचं समीकरण मांडताना M चं चिन्ह दरवेळी चुकतंय.

डिप्लोमाचा सीनियर: ताई, सोपं आहे. दोन्ही डॉट वर असले की प्लस, एक वर एक खाली असला की मायनस.

वाइंडर, अक्कलकोट रोड एमआयडीसी: आम्ही डॉट म्हणत नाही, सुरवात आणि शेवट म्हणतो. लूमच्या थ्री फेज मोटरला एका फेजची सुरवात-शेवट उलट जोडली की मोटर घुमते, तापते, करंट भरमसाट घेते. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलची टोकं सापडत नसतील तर एका कॉइलला सेल लावा, दुसरीला काट्याचा मीटर. सेल जोडताक्षणी काटा पुढं उसळला तर सेलच्या प्लसचं आणि मीटरच्या प्लसचं टोक जोडीचं.

निवृत्त प्राध्यापक: काकांच्या चाचणीतच शब्दाचं उत्तर आहे. सेल काढताना तोच काटा उलटा जातो, म्हणजे मीटरकडचं डॉटचं टोक त्या क्षणी ऋण होतं. म्हणून 'धन टोक' लिहू नका. डॉट एवढंच सांगतो: एका कॉइलच्या डॉटमध्ये शिरणारा करंट वाढत असेल, तर दुसरीचं डॉटचं टोक धन होतं.

आता चिन्ह. दोन खिडक्या शेजारी, मधे दोन उभ्या कॉइल, दोन्ही डॉट वर. लूपचे दोन्ही करंट घड्याळाच्या दिशेने धरा. डावीकडचा I1 त्याच्या कॉइलमधून खाली येतो, म्हणजे डॉटमध्ये शिरतो. उजवीकडचा I2 त्याच्या कॉइलमधून वर जातो, म्हणजे डॉटमधून बाहेर पडतो. एक आत, एक बाहेर, म्हणून M चं पद वजा. ωL1 = 4, ωL2 = 9, ωM = 3 ओहम, रेझिस्टन्स 5 आणि 2 ओहम, डाव्या लूपमध्ये 10 व्होल्ट घेतले तर:

```
(5 + j4) I1 − j3 I2 = 10
−j3 I1 + (2 + j9) I2 = 0
```

सीनियर: पण सर, डॉट दोन्ही वर आहेत की!

प्राध्यापक: डॉट कुठं आहेत एवढ्यावर ठरत नाही, करंट कुठून शिरतो तेही बघावं लागतं. I2 ची दिशा उलट धरा, दोन्ही ठिकाणी +j3 येईल. I2 चं उत्तरही उलट्या चिन्हाचं येईल, पण खरा करंट तोच. एका समीकरणात अधिक आणि दुसऱ्यात वजा आलं, तर मांडणीच चुकली समजा.

विद्यार्थिनी: मग नोट्समध्ये लिहू काय? 'जोडटोक'?

वाइंडर: ते कळतंय आम्हाला.

प्राध्यापक: दोन कॉइलपुरतं छान आहे. पण एका कोअरवर तीन असल्या तर कधी कधी प्रत्येक जोडीला वेगळी खूण लागते, एकीला डॉट, दुसरीला त्रिकोण. तिथं 'जोडटोक' म्हटल्यावर कोणती जोडी, हे कसं कळणार?