प्रति: कफात रक्ताची रेघ
"बाबांच्या कफात रक्ताची रेघ दिसते, एक्स-रे नॉर्मल आलाय, मग टेन्शन नाही ना?"

एक्स-रेवर थांबू नका हो. चार दिवसांचा खोकला-ताप आणि एखादी रेघ असेल तर बहुतेक साधं इन्फेक्शन, ते गेलं की रक्तही थांबतं. पण आमच्या फोंड्याच्या काकांना तरुणपणी टीबी झालेला, रोज सकाळी अर्धी वाटी पिवळा कफ पडायचा, एक्स-रेत काही खास नाही, शेवटी एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, श्वासनळ्या शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा रुंद दिसल्या, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस. तरी डॉक्टरांनी कफ टीबीसाठी सीबीनॅट तपासणीला पाठवलाच, जुना टीबी उलटू शकतो ना, आणि सीटीत गाठ नाही तेही बघून घेतलं. बाबा विडी ओढतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे आधीच सांगा. रेघेऐवजी नुसतं रक्तच पडायला लागलं तर मात्र थेट कॅज्युअल्टी.