मदत हवी आहे: नव्या साइटचा ऑर्डर डॅशबोर्ड दुकानातल्या चौघांना कसा शिकवावा?

आगळवाली

रत्नागिरीजवळ आमचं कोकणी पदार्थांचं दुकान आहे. आजवर ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या आणि लाल वहीत उतरायच्या. महिन्यापूर्वी भाच्याने वूकॉमर्सवर साइट करून दिली. पैसे रेझरपेने किंवा घरपोच रोख. भाचा कामावर पुण्याला परत गेला आणि डॅशबोर्ड आमच्या गळ्यात पडला.

माणसं चार. मामा (वय अठ्ठावन्न, पॅकिंगचे राजे), दोन मुली आणि मी. गोंधळ असे: मामा खोका चिकटपट्टीने बंद झाला की लगेच ऑर्डर `Completed` करतात. त्यांच्या मते काम झालं. गिऱ्हाइकाला मेल जातो आणि कुरियरवाला यायच्या आधीच फोन सुरू, "पार्सल कुठाय?" दुसरं, 1479 नंतर एकदम 1482 नंबरची ऑर्डर आली, तेव्हा एक मुलगी तासभर मधल्या दोन ऑर्डरी शोधत बसली. आणि रिफंडला तर कोणी हातच लावत नाही.

गणपतीच्या आधी आठवडाभरात सगळ्यांना तयार करायचंय. रोज अर्धा तास काढू शकते. काय क्रमाने शिकवू, सराव कशावर करून घेऊ?

पैठणी_आणि_बरंच

ताई, आम्ही साड्या विकतो. साइटच्या भानगडीत पडूच नका असं सांगेन, इन्स्टावर लाइव्ह केलं की दुपारपर्यंत माल संपतो. आमच्याकडे साइट होती तेव्हा सगळ्यांना एकच लॉगिन दिलं होतं, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. शिकवायला काही लागलं नाही. तुमचा आगळ किती लिटरच्या बाटलीत येतो? आमच्याकडे पाहुणे यायचेत.

आगळवाली

बाटली अर्ध्या लिटरची. पण साइट आता झालीय हो, ती चालवायची कशी एवढंच विचारतेय.

घाटावरचा_डेव्हलपर

मी अशा दहा-बारा दुकानांना साइट लावून दिली आहे. अनुभवाने सांगतो, स्क्रीन दाखवत "हे बटण, ते बटण" करू नका. दुसऱ्या दिवशी काही उरत नाही.

आधी भाच्याकडून साइटची प्रत करून घ्या, सरावासाठी वेगळी. यात दोन गोष्टी चुकल्या तर महागात पडतं. एक, प्रतीवरून मेल बाहेर जाणं पूर्ण बंद करायला सांगा. नाहीतर मामा सरावात ऑर्डर पूर्ण करतील आणि चिपळूणच्या खऱ्या गिऱ्हाइकाला मेल जाईल. दोन, प्रतीत रेझरपेची खरी किल्ली तशीच कॉपी होते. जुन्या ऑर्डरींमध्ये खऱ्या पेमेंटचे नंबरही असतात. त्यावर कोणी रिफंडचं बटण दाबलं तर सरावाच्या साइटवरून खरे पैसे जातील. तिथे `rzp_test_` ने सुरू होणारी किल्लीच हवी. मग खोटी खरेदी करताना यूपीआय आयडी म्हणून `success@razorpay` टाका, पेमेंट झालं असं धरलं जातं. रिफंडचा सराव अशाच खोट्या ऑर्डरींवर करा. टेस्ट किल्लीने जुन्या खऱ्या ऑर्डरीचा रिफंड होणार नाही, एरर येईल.

भिंतीवरचा पासवर्ड मात्र नको. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, भूमिका `Shop manager`. ऑर्डरीच्या उजव्या बाजूला नोंदींची पट्टी असते, तिथे स्टेटस कोणी, कधी बदललं ते नावासकट दिसतं. शिकवताना हीच तुमची उत्तरपत्रिका. संध्याकाळी चहा घेत त्या नोंदी वाचल्या की कोण कुठे चुकलं ते विचारावंच लागत नाही.

पहिले दोन दिवस फक्त स्टेटस. पण व्याख्या सांगू नका, "हे केलं की गिऱ्हाइकाला काय कळतं आणि साठ्यातून काय कमी होतं" एवढंच सांगा. `Processing` म्हणजे ऑर्डर पक्की, माल बांधा. घरपोच रोखीची ऑर्डर थेट इथेच येते, पैसे आलेले नसले तरी. बँक ट्रान्सफरची `On hold` मध्ये थांबते. दोन्हींत साठा कमी झालेला असतो. `Completed` केलं की मेल सुटतो. मामांना सांगा, खोका बंद झाला म्हणून नाही, कुरियरवाल्याची पावती हातात आली की मगच. पावती म्हणजे `Completed`, एवढं एकच वाक्य त्यांच्या टेबलावर लिहून ठेवा.

तिसरा दिवस `Pending payment` चा. याला वेळ द्या, खरा गोंधळ इथेच होतो. गिऱ्हाईक यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतं, "पैसे कापलेत", आणि तुमच्याकडे ऑर्डर अजून पेंडिंग. मुलगी घाबरून ती `Processing` करते. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं, आणि खरा असला तरी पैसे वाटेत अडकलेले असू शकतात. त्याऐवजी रेझरपेच्या डॅशबोर्डात जाऊन ते पेमेंट शोधायचं. तिथे `Captured` दिसलं तरच ऑर्डर हाताने पुढे सरकवायची आणि `pay_` ने सुरू होणारा नंबर खाजगी नोंदीत चिकटवायचा. `Authorized` किंवा `Failed` असेल तर माल हलवायचा नाही. असं आठवड्यातून दोन-चारदा व्हायला लागलं तर चूक मुलींची नाही, पेमेंटची खबर रेझरपेकडून साइटला पोचवणारी वेबहुकची जोडणी तपासायला भाच्याला फोन करा.

याच दिवशी घड्याळही दाखवा. सेटिंग बदललेलं नसेल तर पैसे न आलेली ऑर्डर साठ मिनिटांनी आपोआप रद्द होते. म्हणून कोणी "काल ऑर्डर केलेली" म्हणालं तर रद्द ऑर्डरींतही बघायचं.

नोंद लिहितानाची एक चूक सगळ्यांकडून होते. नोंदीच्या खोक्याखाली दोन पर्याय असतात, `Private note` आणि `Note to customer`. दुसरा निवडून "हा माणूस फार कटकट करतो" असं लिहिलेलं मी पाहिलंय. मेल त्या माणसालाच गेला.

1480, 1481 ची काळजी नको. वर्डप्रेसमध्ये पानं, फोटो, ऑर्डरी एकाच माळेतून नंबर घेतात. मध्ये तुम्ही दोन फोटो चढवले असतील.

बाजारपेठ_२४

रिफंड एवढा काही अवघड नाही. ऑर्डर उघडा, स्टेटसच्या यादीतून `Refunded` निवडा, अपडेट करा. पैसे आपोआप परत जातात. आम्ही असंच करतो, गिऱ्हाइकाला मेलही जातो.

घाटावरचा_डेव्हलपर

मेल जातो हे बरोबर. पैसे जात नाहीत. स्टेटस बदललं की वूकॉमर्स आपल्या वहीत फक्त "सगळी रक्कम परत" असं लिहून ठेवतं, रेझरपेला काही कळवत नाही. दादा, तुमचे जुने रिफंड रेझरपेत एकदा ताडून बघाच.

ताई, हा चौथ्या-पाचव्या दिवसाचा सराव तुमच्याच मालावर करा. समजा आगळाच्या दोन बाटल्या प्रत्येकी 220, फणसपोळी 180 आणि कुरियर 80, एकूण 700 रुपये ऑनलाइन भरलेले. एक बाटली फुटून पोचली. ऑर्डर उघडून मालाच्या यादीखालचं `Refund` दाबायचं. आगळाच्या ओळीत नग 1 लिहिला की 220 आपोआप येतात. कुरियरच्या ओळीला हात लावायचा नाही. खाली `Restock refunded items` वर खूण आधीच असते, ती काढायची. फुटलेली बाटली परत विकता येत नाही ना. काढली नाही तर साठ्यात एक बाटली भुतासारखी वाढते आणि चार दिवसांनी नसलेल्या बाटलीची ऑर्डर येते.

मग दोन बटणं दिसतात. एकावर `manually` लिहिलंय, दुसऱ्यावर रकमेसोबत गेटवेचं, म्हणजे रेझरपेचं नाव. पैसे फक्त दुसऱ्याने जातात. पहिल्याने नोंद होते, मेलही जातो, आणि आठवड्याने गिऱ्हाईक विचारतं की पैसे कुठेत. घरपोच रोखीच्या ऑर्डरीत दुसरं बटण येतच नाही. तिथे `manually` दाबायचं आणि 220 आपल्या फोनवरून यूपीआयने पाठवायचे, दोन्ही एकाच बैठकीत. अर्धवट रिफंडनंतर स्टेटस बदलत नाही, ते तसंच असू द्या.

सहाव्या दिवशी प्रतीवर बारा ऑर्डरी टाकून ठेवा आणि काही न सांगता चौघांना द्या. दोन रोखीच्या, एक स्क्रीनशॉटवाली, एक फुटलेली बाटली, एका पत्त्यात पिनकोड चुकीचा, आणि एकाच माणसाने घाईत दोनदा केलेली ऑर्डर. बाकी साध्या. साध्या हव्यातच, नाहीतर प्रत्येक ऑर्डरीत काहीतरी खोट शोधत बसतील.

बाजारपेठ_२४

ताडून बघितलं. तीन रिफंड गेलेलेच नाहीत. आता फोन लावतोय एकेकाला.

आगळवाली

आठ दिवसांनी लिहितेय. घाटावरच्या दादांनी सांगितलं तसंच केलं. पावतीचं वाक्य मामांनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून डिंकाने चिकटवलं. बारा ऑर्डरींत त्यांची एकच चूक झाली, खूण काढायची विसरले. मुलींनी मात्र दोनदा केलेल्या ऑर्डरीचे दोन्ही खोके बांधायची यादी काढली, फोन करून विचारायचं सुचलं नाही.

एक नवीनच निघालं. गिऱ्हाइकाने फोनवर अजून एक फणसपोळी सांगितली. `Processing` मधल्या ऑर्डरीत माल बदलता येत नाही, म्हणून मुलीने ती `On hold` ला नेली, पोळी वाढवली आणि परत `Processing` केली. गिऱ्हाइकाला ऑर्डर मिळाल्याचा मेल दुसऱ्यांदा गेला आणि त्यांना वाटलं दोन ऑर्डरी झाल्या. शिवाय वाढलेले 180 कोणी मागितलेच नाहीत.

घाटावरचा_डेव्हलपर

वाढीव मालाला नवीन ऑर्डर करा आणि तिच्या पैशांची लिंक पाठवा. जुनीत भर घालू नका. पार्सल एकच जाऊ दे, दोन्हींच्या खाजगी नोंदीत एकमेकींचे नंबर लिहा.

आगळवाली

करते. आता दोन प्रश्न उरले. रिफंडचं बटण मला फक्त माझ्याकडे ठेवायचंय, जमेल का? आणि डॅशबोर्ड मराठीत करू का? मामांना सोपं जाईल.

घाटावरचा_डेव्हलपर

जो ऑर्डर बदलू शकतो तो रिफंडही करू शकतो, तयार स्विच नाही. थोडा कोड लिहून बटण लपवता येतं, पण ते भाच्याने करावं. भाषा ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये बदलता येते. मी करत नाही. फोनवर मी `On hold` म्हणतो आणि समोरच्याला तिसराच शब्द दिसत असतो.

दापोलीकर

आमच्याकडे उलट अनुभव. मराठी केल्यावर आमच्या काकांनी विचारणंच बंद केलं, आपापलं वाचून करतात. काही शब्द विचित्र आहेत, काही इंग्रजीच राहिलेत, पण चालतं. मामांचं एकट्याचं मराठी करून बघा, मुलींचं राहू दे इंग्रजी.

आगळवाली

मामांना विचारलं. म्हणाले, "आता पाठ झालंय, परत बदलू नकोस." रिफंडचं भाच्याला कळवलंय, तो शनिवारी बसतो म्हणालाय. पैठणीताई, तुमच्या पाहुण्यांसाठी बाटल्या किती?