अनुभव धागा: गाढ झोपणाऱ्याला उठवणारा अलार्म तुम्ही कसा लावता?

धुळेकरीण
आमच्या चिरंजीवांना साडेपाचला उठायचं असतं, कॉलेजची बस सहा-सव्वासहाला देवपुरातून जाते. कूलर घरघरतोय, मी हाका मारतेय, मिक्सर लावतेय, तरी हा ढिम्म. फोनवर पाच अलार्म लावून ठेवलेत आणि त्या पाचांनी घरातले बाकी सगळे उठतात. फोनमध्ये गुगलचं Clock ॲप आहे. बेडटाइम मोड, हळूहळू चढणारा आवाज, स्नूझ, हे सगळं तुम्ही कसं बसवलंय ते लिहा. ‘रात्री लवकर झोपवा’ एवढं मात्र नको, ते सांगून मी दमले.

रावेरचा केळीवाला
आमची थ्रीफेज लाइन रात्री केव्हाही येते, त्यामुळे अलार्मचा उपयोगच नाही भो. मी मोटरीला ऑटो बसवला. लाइन आली का मोटर आपोआप चालू. झोप मोडतच नाही.

धुळेकरीण
दादा, मुलाला ऑटो बसवता आला असता तर धागा कशाला काढला असता! 😄

जळगावची वहिनी
बेडटाइम मोड लावूच नका. रात्री फोन मुका होतो. माझा अलार्म त्याच्यामुळेच वाजला नव्हता.

भुसावळ मोबाइलवाला
वहिनी, फोन मुका होतो हे खरं. पण तो कॉल-मेसेजपुरता, अलार्मला सहसा सूट असते. तुमच्या Do Not Disturb च्या सेटिंगमध्ये Alarms ची परवानगी कोणीतरी बंद केलेली असणार, तेवढी बघा. ती चालू असेल तर बेडटाइम मोड खुशाल लावा. रात्री ग्रुपवरची टिंगटिंग थांबते, एवढं तरी पदरात पडतं.

आता धुळ्याच्या ताई. आधी एक शोधा: मुलाला अलार्म ऐकूच येत नाही, का तो झोपेत हाताने बंद करतो? उठल्यावर नोटिफिकेशन बघा. Missed alarm दिसलं तर अलार्म वाजून वाजून आपणहून थांबला, कोणी हात लावला नाही. ते नसेल तर बंद करणारा घरातलाच आहे.

ऐकूच येत नसेल तर अलार्मचा आवाज तपासा. ती पट्टी रिंगटोनपेक्षा वेगळी असते. Gradually increase volume त्या पट्टीच्या वर जात नाही. पट्टी अर्ध्यावर असेल तर आवाज हळूहळू चढून अर्ध्यावरच थांबतो आणि कूलरखाली बुडतो. दिवसा कूलर चालू करून, दार लावून, पलंगावर आडवं होऊन एकदा ऐका. Silence after पण वाढवा. तिथे पाच मिनिटं असतील तर पाच मिनिटांत ॲप हार मानतं, वीस-पंचवीस ठेवा.

हाताने बंद करत असेल तर हळूहळू चढणारा आवाज उलट अंगाशी येतो. सुरुवातीच्या बारीक आवाजातच पोराची बोटं काम उरकतात, मोठा आवाज यायची वेळच येत नाही. मग चढण पाच-दहा सेकंदांवर आणा आणि फोन हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. Volume buttons समोर Snooze निवडलेलं असेल तर तेही काढा, चाचपडताना बटण दाबलं जातं.

नंदुरबारची सिस्टर
नाइट ड्यूटीनंतर दिवसा झोपते. एकदम मोठा आवाज आला की छातीत धडधडतं, म्हणून मी चढण पूर्ण 60 सेकंदांची ठेवते. माझी झोप काही कमी गाढ नाही, तरी जाग येते. मोबाइलवाले भाऊ म्हणतात ते सगळ्यांना लागू होईल असं वाटत नाही.

शिरपूरकर
आमच्या घरी सॅमसंग आहे. त्यात स्नूझ किती वेळा, तेही ठरवता येतं. मी पाच मिनिटांनी, तीन वेळा असं ठेवलंय. गुगलच्या घड्याळात किती मिनिटांनी ते ठरतं, किती वेळा ते ठरत नाही. दाबत राहा, ते पुढे ढकलत राहतं. पण आकड्याची मर्यादा दुधारी असते. तीन संपले की अलार्म गप्प, माणूस झोपलेलाच. म्हणून त्याच्यामागे दुसरा अलार्म स्नूझ बंद करून लावायचा आणि तो दुसऱ्या खोलीतल्या फोनवर.

धुळेकरीण
आज सकाळी बघितलं. Missed alarm एकही नाही! पाचही साहेबांनी स्वतःच्या हाताने मारलेत आणि त्यांना काही आठवत नाही. चार काढून टाकले. एक साडेपाचचा ठेवला, चढण 10 सेकंद, पट्टी पूर्ण, फोन कपाटावर. शिरपूरच्या दादांचा दुसरा अलार्म माझ्या फोनवर. सध्या उठतोय, पण उठून, बंद करून परत आडवा होतो. त्याच्यावर कोणाकडे काही आहे का?

जळगावची वहिनी
Alarms खरंच बंद होतं. आडव्याचं मात्र विचारू नका, आमच्याकडेही तेच.

रावेरचा केळीवाला
कूलरमध्ये पाणी असतंच ना ताई, मग मगाभर उपसा न!